ऑफर स्वीकारल्याचा तो आठ ओळींचा मेल

गुरुवारी, २ मेला संध्याकाळी ऑफर लेटर आलं. सात पानं, खाली सहीची जागा, जॉइनिंगची तारीख सोमवार ३ जून आणि तीन दिवसांत उत्तर कळवा असं लिहिलेलं. आनंद झालाच पण लगेच रिप्लाय नाही केला, कारण मागच्या नोकरीच्या वेळी मी अशीच लेटर आल्या आल्या पाच मिनिटांत "थँक यू, ऑफर मान्य आहे, दिलेल्या तारखेला जॉइन होते, कागदपत्रं काय आणायची ते कळवा" असं पाठवून मोकळी झाले होते आणि ते मला बरंच महागात पडलं होतं.

तेव्हा काय झालं होतं ते आधी सांगते. त्यांनी उत्तरात एक ठराविक यादी पाठवली, शिक्षणाची, अनुभवाची, ओळखीची कागदपत्रं. मी सगळ्याच्या झेरॉक्स काढून व्यवस्थित फाइल करून नेली. पहिल्या दिवशी काउंटरवरची मॅडम म्हणाली ओरिजिनल दाखवा, आम्ही झेरॉक्स ओरिजिनलशी ताडून बघतो आणि मगच जमा करून घेतो. माझं डिग्री सर्टिफिकेट आईकडे, दुसऱ्या गावी. ते यायला चार दिवस गेले, तोपर्यंत माझी फाइल अर्धवट, फाइल अर्धवट म्हणून एम्प्लॉयी नंबर नाही, आणि नंबर नाही म्हणून त्या महिन्याच्या पगाराच्या यादीत नाव नाही. पगाराची यादी महिन्यात एका ठरलेल्या तारखेला बंद होते, त्यानंतर आलेलं नाव पुढच्या महिन्यात जातं. म्हणजे पहिला पगार थेट दुसऱ्या महिन्यात, दोन्ही मिळून. त्यांची काही चूक नव्हती, मी ओरिजिनल की कॉपी हे विचारलंच नव्हतं.

म्हणून यावेळी मेल लिहायच्या आधी कॅलेंडर उघडून बसले. माझा नोटीस पीरियड ३० दिवसांचा, आणि आमच्याकडे राजीनामा दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात, शनिवार रविवार धरून. शुक्रवारी ३ मेला राजीनामा दिला तर ४ मे पहिला दिवस, तिसावा दिवस २ जून, म्हणजे ३ जूनला जॉइन होणं कागदावर जेमतेम बसतं. पण त्यासाठी नवीन ठिकाणी अजून काहीच पक्कं नसताना राजीनामा द्यावा लागला असता, आणि तसं करायचं नाही हे माझं ठाम मत आहे. ऑफर लेटरमध्ये बहुतेक वेळा अटी असतात, कागदपत्रांची पडताळणी, आधीच्या नोकरीतून रीतसर सुटका वगैरे, त्यामुळे दोन्हीकडून लेखी झाल्याशिवाय हातातली नोकरी सोडू नये. मग सोमवारी ६ मेला राजीनामा धरला, ७ मे पहिला दिवस, तिसावा दिवस ५ जून, बुधवार. म्हणजे ३ जून गेलंच. मी सोमवार १० जून ठरवली, मध्ये चार दिवस हातात राहतात, शेवटच्या दिवशी काही अडकलं तर निस्तरता येतं. हे मोजताना एक लक्षात ठेवा, काही ठिकाणी फक्त कामाचे दिवस मोजतात, काही ठिकाणी साहेबाने मंजूर केलेल्या दिवसापासून मोजतात, तर तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये काय लिहिलंय ते वाचूनच तारीख द्या, अंदाजाने देऊ नका.

शुक्रवारी सकाळी एचआरला फोन केला आणि सरळ विचारलं की १० जून चालेल का, कारण सांगितलं. ती म्हणाली चालेल, काही प्रॉब्लेम नाही. आता इथे बरेच जण थांबतात, फोनवर हो म्हणाले ना मग झालं. पण लेटरवर तर अजून ३ जूनच आहे! उद्या ती एचआर रजेवर गेली आणि दुसऱ्या कोणी फाइल उघडली तर त्याला काय दिसणार, की ही बाई ३ तारखेला आलीच नाही. त्यामुळे फोनवर ठरलेली तारीख मेलमध्ये लिहून काढणं आणि सुधारित लेटर मागणं, हेच माझ्या मेलचं मुख्य काम होतं.

पहिला ड्राफ्ट लिहिला तो दीड पानाचा झाला. किती आनंद झाला, मुलाखत किती छान झाली, काय काय शिकायचंय. वाचून बघितलं तर तारीख तिसऱ्या परिच्छेदात दडलेली आणि प्रश्न एकदम शेवटी. समोरची व्यक्ती दिवसभरात असे कितीतरी मेल बघते, तिला तीन गोष्टी हव्या असतात, हो की नाही, कधी, आणि तिने काय करायचं. बाकी सगळं काढून टाकलं, आभाराची एकच ओळ ठेवली, ती मनापासून होती म्हणून.

अजून एक शब्दांचं. "ऑफर स्वीकारायला मला आवडेल" असं मी आधी लिहिलं होतं. ते वाचायला गोड आहे पण त्यात होकार आहे की इच्छा आहे ते कळत नाही. "मी ही ऑफर स्वीकारते" एवढंच लिहायचं, पदाच्या नावासकट.

मेल इंग्रजीतून गेला, पण मजकूर हा असा होता:

> नमस्कार मॅडम,
>
> २ मेच्या ऑफर लेटरबद्दल धन्यवाद. सीनियर अकाउंटंट या पदाची ऑफर मी स्वीकारते.
>
> आज सकाळी फोनवर ठरल्याप्रमाणे माझी जॉइनिंगची तारीख सोमवार, १० जून राहील. लेटरमध्ये ३ जून आहे, तर कृपया तारीख बदलून सुधारित लेटर पाठवावं. ते आलं की त्याच दिवशी सही करून पाठवते.
>
> कागदपत्रांबद्दल चार गोष्टी कळवाल का:
> १. आधी ऑनलाइन काय द्यायचं आणि त्या दिवशी सोबत काय आणायचं?
> २. कशाच्या ओरिजिनल दाखवायच्या आहेत आणि झेरॉक्सचे किती सेट?
> ३. माझं रिलीव्हिंग लेटर शेवटच्या दिवसानंतर काही दिवसांनी मिळेल. तोपर्यंत राजीनामा मंजूर झाल्याचा मेल चालेल का?
> ४. डिग्रीवर माझं लग्नाआधीचं आडनाव आहे. त्यासाठी कोणता पुरावा लागेल?
>
> १० तारखेला किती वाजता आणि कोणाला भेटायचं तेही कळवावं.

खाली नाव आणि मोबाइल नंबर, बस्स. नवीन मेल न करता ऑफर लेटर ज्या मेलमध्ये आलं त्यालाच रिप्लाय केला, म्हणजे लेटर, होकार आणि तारीख सगळं एकाच ठिकाणी राहतं. ज्यांनी मुलाखतीची सगळी धावपळ केली होती ते रिक्रूटर कॉपीत होतेच, त्यांना तसंच ठेवलं.

प्रश्नांबद्दल थोडं सांगते कारण खरा फरक तिथेच पडला. "काय काय आणू" असं विचारलं की छापील यादी येते, ती सगळ्यांसाठी असते. आपल्या फाइलमध्ये जे वेगळं आहे ते आपल्यालाच माहीत असतं, तेच विचारायचं. माझ्या बाबतीत दोन गोष्टी होत्या. एक रिलीव्हिंग लेटर, ते आधीची कंपनी सगळा हिशोब मिटल्यावर देते, त्यामुळे जॉइनिंगच्या दिवशी हातात नसणं अगदी नेहमीचं आहे, पण यादीत मात्र ते पहिल्या पानावर असतं आणि माणूस उगाच घाबरतो. दुसरं आडनाव. ओळखपत्र, बँक खातं आणि डिग्री यांवर नाव सारखं नसेल तर पडताळणी करणारा माणूस तिथेच थांबतो, त्याला आपली गोष्ट माहीत नसते, त्याला फक्त दोन वेगळी नावं दिसतात. आणि ज्या नावाने पगाराची नोंद होणार ते बँक खात्यावरच्या नावाशी जुळायला हवं. हे आपणच आधी सांगितलं तर ती एक साधी नोंद असते, तेच त्यांना नंतर सापडलं तर शंका होते.

मेलला मी एकही कागद जोडला नाही, हे मुद्दाम. ओळखपत्राचे, बँकेचे स्कॅन असे मेलवर फिरवायला मला आवडत नाही, त्यांच्याकडे अपलोड करायची सोय असेल तर तीच वापरायची, म्हणून पहिल्या प्रश्नात ऑनलाइनचं विचारलं होतं.

शनिवार रविवार काहीच आलं नाही, तो वेळ जरा जड गेला. सोमवारी दुपारी एकच्या सुमारास उत्तर आलं, सोबत सुधारित लेटर. मी आधी तारीख बघितली, १० जून, मग पगाराचं पान जुन्या लेटरशी ओळ न ओळ लावून बघितलं, कारण नवीन लेटर बनवताना जुनाच नमुना उघडून आकडे परत भरले जातात आणि चूक होऊ शकते. सगळं बरोबर होतं. सातही पानांवर सही केली, स्कॅन करून त्याच मेलवर पाठवलं, पोचल्याचं त्यांचं "रिसीव्ह्ड" आलं, आणि मग साडेपाचला साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन राजीनाम्याचं बोलले आणि लगेच मेल टाकला.

प्रश्नांची उत्तरं एकेक करून दिलेली होती. डिग्री, आधीच्या नोकरीचं अनुभवपत्र आणि ओळखपत्र यांच्या ओरिजिनल, झेरॉक्सचे दोन सेट, प्रत्येकावर माझी सही. बँकेचा तपशील आणि फोटो लिंकवर आधी भरायचे, जॉइनिंगच्या पाच दिवस आधीपर्यंत. राजीनामा मंजुरीचा मेल चालेल, पण रिलीव्हिंग लेटर ३० दिवसांत द्यायचं. आडनावासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र. हे शेवटचं माझ्या डोक्यातच आलं नसतं, आणि ते शोधायला मला अख्खा रविवार लागला, कपाटातल्या जुन्या इन्शुरन्सच्या फाइलमध्ये निघालं. हेच १० तारखेला काउंटरवर कळलं असतं तर पुन्हा तेच चार दिवस.

१० जूनला साडेनऊला पोचले. काउंटरवरच्या मुलाने ओरिजिनल एकेक करून बघितल्या, डिग्रीवरचं आडनाव बघून थबकला, मी काही बोलायच्या आधी त्याने स्क्रीनवर मेल उघडला, प्रमाणपत्र मागितलं, जोडलं, पुढे गेला. वीस मिनिटांत ओरिजिनल परत माझ्या हातात. यादीत फक्त एक रकाना रिकामा राहिला, रिलीव्हिंग लेटरचा, त्यापुढे त्याने पेनाने १० जुलै लिहिलं. ते लेटर २४ जूनला आलं आणि मी त्याच जुन्या मेलवर पाठवून दिलं.