माझं आपलं पित्त

खाली दवाखाना आणि वर घर असल्यामुळे पहाटे बेल वाजली की जिना उतरता उतरताच काय असेल याचा अंदाज बांधायची सवय लागते. त्या दिवशी सहा वाजायच्या आत बेल वाजली आणि जिन्यावरच ओकण्याचा आवाज कानावर आला. दारात सोहम (नाव बदललं आहे), वय आठ, वडिलांच्या खांद्यावर मान टाकून. मागे आई, एका हातात झाकण ठेवलेलं स्टीलचं पातेलं, दुसरा हात स्वतःच्या कपाळावर.

"मॅडम, परत उठलंय त्याचं पोट. तीनपासून."

या मुलाला मी आधी दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा संध्याकाळच्या ओपीडीत, दुखणं होऊन गेल्यावर दोन-तीन दिवसांनी. तेव्हा तो माझ्या स्टेथोस्कोपशी खेळत होता, पोट मऊ होतं, वजन वाढत होतं. पहिल्यांदा जंताचं औषध दिलं. दुसऱ्यांदा ॲसिडिटीचं सिरप लिहिलं आणि त्याच्यासमोरच वडिलांना विचारलं, "शाळेचा काही ताण आहे का? परीक्षा वगैरे?" प्रश्न चुकीचा नव्हता. पण मी तो ज्या सुरात विचारला, त्याचा घरी 'मॅडमसुद्धा म्हणाल्या नाटक करतोय' असा अर्थ लागला. हे मला पुष्कळ नंतर कळलं.

मधल्या काळात त्यांनी आणखी दोन दवाखाने केले होते. बेंबी सरकली म्हणून एका आजींकडून पोट चोळूनही आणलं होतं. पिशवीतून तीन सोनोग्राफी रिपोर्ट निघाले आणि तिन्हींवर तेच: 'मेसेंटेरिक लिम्फॅडिनायटिस', म्हणजे आतड्याच्या पडद्यातल्या गाठी सुजल्या आहेत. गाठी सहा-सात मिलिमीटरच्या. एवढ्या गाठी शाळेत जाणाऱ्या धडधाकट मुलाच्या पोटावर प्रोब ठेवला तरी दिसतात. पण रिपोर्टवर शब्द उमटला की त्याला औषध लागतं. सोहमला दोन अँटिबायोटिकचे कोर्स होऊन गेले होते आणि तिसऱ्या ठिकाणी 'टीबीचं औषध सुरू करून बघू' इथवर गोष्ट आली होती. ताप नाही, वजन घटत नाही, घरात कुणाला टीबी नाही. सहा महिन्यांचं औषध 'बघू' म्हणून सुरू करायचं असतं का? असो.

त्या सकाळी मी त्याला पहिल्यांदा ऐन दुखण्यात पाहिलं आणि हा तो मुलगाच नव्हे असं वाटलं. चेहरा पांढराफटक, ओठसुद्धा. डोळ्यांखाली काळं. कॉटवर ठेवताच गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाला, "लाइट बंद करा ना." कुठे दुखतंय विचारल्यावर बोट लावलं नाही, बेंबीभोवती अख्खा तळवा फिरवला. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉन ॲपली यांचं एक निरीक्षण आम्ही शिकताना पाठ करतो: दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकी पोटात खरी बिघाडाची जागा सापडण्याची शक्यता जास्त. सोहमचं बेंबीवरच होतं. हात लावला तर पोट मऊच, कुठे दाबल्याने जास्त दुखत नव्हतं.

पातेल्याचं झाकण मात्र मी स्वतः काढून बघितलं. आई "हिरवी उलटी" म्हणत होती आणि या एका शब्दावर पुढचं सगळं ठरतं. रिकाम्या पोटी चार-पाचदा ओकल्यावर येणारं पाणी पिवळं किंवा पोपटी असतं. पालकाच्या रसासारखी गर्द हिरवी उलटी आली तर ती आतड्याला पीळ पडल्याची समजायची आणि तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत सर्जनला सोडायचं नाही. पातेल्यात पिवळं, फेसाळ पाणी होतं.

तरी सोनोग्राफी लगेच हवी होती. वडील वैतागले. "तीन झाल्यात की मॅडम." झाल्या होत्या, पण तिन्ही दुखणं थांबल्यावर. काही मुलांमध्ये मूत्रपिंडातून लघवी उतरायची वाट सुरुवातीलाच अरुंद असते. मध्येच ती अडते, मूत्रपिंड फुगतं, पोटात प्रचंड कळ येते, उलट्या होतात. वाट मोकळी झाली की सूज उतरते आणि सोनोग्राफी स्वच्छ येते. अशा मुलाला वर्षानुवर्षं 'पोटाचं' औषध दिलं जातं आणि मूत्रपिंड हळूहळू खराब होत राहतं. ते पकडायचं तर दुखत असतानाच बघावं लागतं. आमचे रेडिओलॉजिस्ट दहाच्या आधी येत नाहीत, त्यांना घरून उठवून आणलं. दोन्ही मूत्रपिंडं नीट, आतड्याच्या रक्तवाहिन्या आपापल्या जागी, पीळ नाही. "गाठी आहेत, लिहू का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मोजमाप लिहा, निदान लिहू नका.

सोनोग्राफीला नेण्याआधीच, सलाइन लावताना, मी बोटातून साखर तपासली होती. 74 आली. लघवीत कीटोन, म्हणजे चरबी जळल्यावर तयार होणारी द्रव्यं, भरपूर. उपाशी ओकणाऱ्या मुलात ते यायलाच हवेत. साखर कमी आणि कीटोनही नाहीत, असं असतं तर शरीराला चरबी जाळता येत नाही असा आनुवंशिक दोष शोधावा लागला असता. राहिला अमोनिया. वारंवार ओकणाऱ्या मुलात युरिया चक्राचा, म्हणजे प्रथिनांतून निघणारा विषारी अमोनिया निकामी करणाऱ्या यंत्रणेचा, दोष दडलेला असू शकतो आणि अमोनिया बहुतेकदा त्या दुखण्यातच चढलेला सापडतो. ग्लुकोज सुरू करायच्या आधी रक्त घ्यायचं, बर्फात ठेवायचं आणि ताबडतोब प्रयोगशाळेत पोचवायचं. ही तपासणी करणारी सगळ्यात जवळची प्रयोगशाळा आमच्यापासून दीड तासावरच्या हॉस्पिटलात आहे. मुलगा नीट बोलत होता, गुंगी नव्हती, बरळत नव्हता. मी रक्त पाठवलं नाही. निर्णय बरोबर होता असं मी आजही म्हणेन, पण रात्री झोप लागत नाही तेव्हा आठवतं ते हेच.

उलटी थांबवणारं ओंडॅनसेट्रॉन 3 मिलिग्रॅम शिरेतून, ग्लुकोजचं सलाइन, पॅरासिटामॉल, खिडकीला जाड चादर. साडेआठच्या सुमारास सोहम झोपला. आणि मी आईकडे बघितलं. ती बाकावर बसली होती, ओढणी कपाळावरून गच्च आवळून बांधलेली, डोळे मिटलेले.

"ताई, तुमचं काय दुखतंय?"

"काही नाही मॅडम, जागरण झालं की होतं. पित्त उठलंय."

आधीच्या दोन्ही वेळा मी विचारलं होतं, घरात कुणाला मायग्रेन आहे का? दोन्ही वेळा 'नाही' असं उत्तर आलं होतं आणि मी तसंच लिहूनही ठेवलं होतं. आता पित्ताबद्दल विचारलं. कुठे होतं? "ह्या बाजूला, डोळ्याच्या वर. ठणकतं." कधी? उपवासाला, उन्हातून आल्यावर, पाळीच्या आधी. उजेड नको वाटतो, मुलांचा आवाज नको वाटतो. घशात बोट घालून ओकून टाकलं आणि झोपलं की मोकळं. तिच्या आईलाही असंच व्हायचं, ती कपाळाला सुंठ उगाळून लावून कोपऱ्यात पडून राहायची. "अर्धशिशी म्हणायचे तिला. पण मला कसलं मायग्रेन, माझं आपलं पित्त."

तीन पिढ्यांची साखळी समोर बाकावर बसलेली होती, आणि माझ्या केसपेपरवर 'कौटुंबिक इतिहास: नाही'. चूक बाईंची नव्हती. आपल्याकडे डोकं दुखून उलटी झाली की ते पित्तच असतं. मी इंग्रजी पुस्तकातला प्रश्न मराठी घराला विचारला होता. आता मी विचारते, 'घरात पित्ताचा त्रास कुणाला? तेव्हा डोकं दुखतं का?'

सोहम सव्वाअकराला उठला. गालांवर रंग आला होता. "भूक लागलीय. वरणभात." हे उठणंसुद्धा निदानाचाच भाग आहे, आणि निदान होतं पोटाचं मायग्रेन: डोक्याऐवजी पोटात उठणारं. पोटाच्या मायग्रेनचं दुखणं दोन तास ते तीन दिवस राहतं, मध्ये मूल पूर्ण बरं असतं, आणि दर वेळी पटकथा तीच. पहाटेच्या ओकाऱ्या म्हटल्यावर मेंदूतल्या गाठीची शंका मनात येतेच, म्हणून डोळ्यांचे पडदे बघितले आणि त्याला कॉरिडॉरमधल्या फरशीच्या रेघेवरून टाचेला अंगठा लावत चालवलं. न डगमगता गेला, परत येताना तर पळत आला.

याचाच भाऊबंद म्हणजे ठरावीक काळाने येणाऱ्या उलट्यांचा आजार. लंडनच्या सॅम्युएल जी यांनी 1882 मध्ये अशा मुलांचं वर्णन करून ठेवलं आहे. त्यात पोटदुखीपेक्षा उलटी वरचढ, तासाला चार-चार वेळा, आणि मूल कोरडं पडून पुष्कळदा भरती करावं लागतं. सोहम सकाळपासून एकूण पाचदा ओकला होता आणि दुखणं आधी आलं होतं, म्हणून मी त्याला पोटाच्या मायग्रेनमध्ये धरलं. दोघांमधली कुंपणाची तार फारशी ताठ नाही.

वडिलांना पटवणं सगळ्यात अवघड गेलं. "मायग्रेन डोक्यात असतं ना?" मी सांगितलं, आजार मेंदूचाच आहे, लहान वयात तो पोटात बोलतो. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला पोटाच्या मायग्रेनच्या 54 मुलांना काही वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा निम्म्याहून जास्त जणांचं पोट थांबलेलं होतं, पण 70 टक्क्यांना डोकेदुखीचं मायग्रेन होतं किंवा होऊन गेलेलं होतं. तुलनेसाठी घेतलेल्या इतर मुलांमध्ये हे प्रमाण 20 टक्के होतं.

मग ही दुखणी उठू नयेत म्हणून मी सायप्रोहेप्टाडीन लिहिलं, रात्री झोपताना. केमिस्टकडून वडील तसेच परत आले. "मॅडम, हे तर भूक लागायचं टॉनिक आहे. शेजारचा पोरगा पितो." खरंच आहे. आपल्याकडे हे औषध बारीक पोरांना जाडं करायला सर्रास पाजलं जातं आणि ज्या कामाला ते खरं उपयोगी पडतं, त्या कामासाठी लिहिलं की लोकांना आपण फसवतोय असं वाटतं. भूक वाढेल, सकाळी थोडी झोप राहील, हे सांगून ठेवलं. पुरावा भक्कम आहे असा दावा मी केला नाही. त्याच्याच जातकुळीच्या पिझोटिफेनची पोटाच्या मायग्रेनवरची 1995 मधली चाचणी अवघ्या 14 मुलांवर झाली होती. आम्ही त्यावर आणि अनुभवावर चालतो.

पुढच्या भेटीला आईला भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणायला सांगितलं. गॅस सिलिंडर आणि दुधाच्या हिशेबाच्या शेजारी तिने सोहमच्या दुखण्याच्या तारखांवर फुल्या मारल्या होत्या. वर्षात आठ. जत्रेनंतरची सकाळ, मामाच्या लग्नातलं जागरण, एसटीचा सहा तासांचा प्रवास (एसटीत तो नेहमीच ओकतो, हेही मी पहिल्यांदाच विचारलं), नाश्ता न करता गेलेली सहल. चार फुल्यांना कारण सापडलं. उरलेल्या चारांना काही केल्या सापडेना, आणि मी ते ओढूनताणून शोधलं नाही.

औषध सुरू होऊन पाच महिने झाले. दोन फुल्या, दोन्ही घरीच अंधाऱ्या खोलीत झोपून मिटल्या. कॅलेंडरवर आता आईने स्वतःसाठी निळ्या पेनाने गोल करायला सुरुवात केली आहे. तिला मी फिजिशियनकडे पाठवलं आहे, अजून गेलेली नाही.

कॅलेंडरच्या मागे खिळ्याला एक पाकीट अडकवलेलं असतं. त्यात माझी चिठ्ठी आहे. मोठं दुखणं उठलं तर इकडे न येता थेट दीड तासावरच्या त्या हॉस्पिटलात जायचं, आणि सलाइन लावायच्या आधी अमोनियाचं रक्त घ्यायचं, असं त्यात लिहिलं आहे. ती अजून वापरावी लागलेली नाही.