फलकावर नाव लागण्याआधी

“काकू, तुमच्या दुसऱ्या लग्नाचं मुलांना कसं सांगितलंत? आणि जवळच्या माणसांना? माझी जीभच रेटत नाही.”

आम्ही विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करणार होतो. त्यात विवाह अधिकाऱ्याकडे आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयाच्या फलकावर लावतात आणि ३० दिवस कुणाची हरकत येते का ते पाहतात. पुढे नोटिशीपासून ३ महिन्यांच्या आत लग्न लावावं लागतं. तो फलक ओळखीच्या कुणी वाचला आणि माझ्या मुलीला फोन केला तर, या एका विचाराने क्रम ठरला. आधी मुलं, मग नणंद, मग मैत्रिणी आणि सगळ्यात शेवटी नोटीस.

मुलगी नाशिकला असते. मी एकटीच गेले. ‘यांना’ बरोबर नेलं नाही, कारण समोर पाहुणा असला की लेकीला रडता येत नाही. सकाळी जावई कामावर गेल्यावर भाजी निवडता निवडता म्हटलं, “मी लग्न करायचं ठरवलंय. तुला सगळ्यात आधी सांगतेय.” ‘करू का?’ असं मी मुद्दाम विचारलं नाही. तसं विचारलं की होकार-नकाराचं ओझं मुलांच्या डोक्यावर जातं, आणि नकार आला तर तो पाळायची आपली तयारी नसते. ती बराच वेळ गवारीच्या शिरा काढत राहिली. मग म्हणाली, “बाबांचा फोटो?” मी म्हटलं, “आहे तिथेच राहील. सर्वपित्रीला पानही वाढलं जाईल. यांना मी हे आधीच सांगितलंय, आणि त्यांच्या पत्नीचा फोटोही आपल्या घरी येणार आहे.” तेव्हा ती रडली. मी तिला थांबवलं नाही.

मुलाच्या बाबतीत मात्र चुकलं. तो जर्मनीत असतो. व्हिडिओ कॉलवर सून आणि नातू शेजारी असताना मी सांगून टाकलं. तो हसला, “छान, आई,” म्हणाला आणि पुढचे दहा दिवस त्याने फोन केला नाही. माणसाला पहिला धक्का चारचौघांत सोसायला लावू नये, हे मला त्या दहा दिवसांत कळलं. मग मीच तो एकटा असेल अशी वेळ विचारून फोन केला. त्याच्या मनात घर होतं, पण ते बोलायची त्याला लाज वाटत होती. म्हणून मीच विषय काढला.

हे नीट समजून घ्या. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिची मालमत्ता मुलगे, मुली आणि नवरा यांना सारखी वाटली जाते. म्हणजे मी काहीच लिहून ठेवलं नसतं, तर या दोघांच्या वडिलांनी घेतलेल्या, आता माझ्या नावावर असलेल्या फ्लॅटचा तिसरा हिस्सा यांच्याकडे गेला असता. सोसायटीत मुलाचं नॉमिनेशन आहे, पण नॉमिनेशनने मालकी ठरत नाही. म्हणून मी दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र केलं: फ्लॅट दोघा मुलांना निम्मा निम्मा. यांनीही त्यांच्या घराचं तसंच केलं. मात्र आमच्यापैकी मागे राहील त्याला राहत्या घरात हयातभर राहता येईल, हे दोघांच्याही मृत्युपत्रांत लिहिलं. त्याची प्रत मी दोन्ही मुलांना वाचायला दिली. पुढच्या फोनवर मुलाने पहिल्यांदाच विचारलं, “त्यांना मी काय म्हणू?” मी म्हटलं, “काका म्हण. बाबा म्हणायचं नाही, कुणी सांगितलं तरी.”

नणंदेकडे साताऱ्याला गेले. माझ्या मते हे घर बहुतेक जण टाळतात, आणि तिथेच जन्माची अढी बसते. तिचा भाऊ गेलाय. तिला हे तिसऱ्याकडून कळायला नको होतं. ती म्हणाली, “वहिनी, माहेरपणाला मी मग कुठे येऊ?” मी म्हटलं, “माझ्याकडेच. दिवाळीचं आमंत्रण आत्ताच घ्या.”

मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकायच्या आधी दोघी सख्ख्या मैत्रिणींना घरी बोलावून सांगितलं. बाकीच्यांना लिहिलं ते असं: “मी आणि माझे स्नेही पुढच्या महिन्यात नोंदणी पद्धतीने विवाह करत आहोत. मुलांना सांगितलं आहे. रविवारी संध्याकाळी घरी जेवायला या. आहेर आणू नका.” कारणं दिली नाहीत. ‘एकटेपणा’, ‘आधार’ हे शब्द दोनदा लिहून खोडले, कारण ते लिहिले की वाचणारा आपली कीव करतो, आणि यांच्याशी मी लग्न करतेय ते यांच्यासाठीच.

निमंत्रक म्हणून मुलांची नावं घालायची की नाही, हे मी त्यांच्यावर सोडलं होतं. मुलाने नको म्हटलं, मी घातलं नाही. नोंदणीला तीन साक्षीदार लागतात. एक यांचा मुलगा, एक मैत्रीण. तिसरी जागा मी कुणालाच सांगितली नव्हती. आदल्या रात्री मुलगी नाशिकहून आली, पिशवीतून आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “सही कुठे करायची?”