तुम्ही विचारलंत म्हणून: एंजल ग्रुप आणि पन्नास लाख

"पगार वर्षाला कोटीच्या वर आहे. राहतं घर सोडून पाच कोटी साठलेत, बहुतेक म्युच्युअल फंड आणि एफडीत. मित्र एंजल ग्रुपमध्ये ये म्हणतोय. पन्नास लाख घालू का?"

पन्नास नको. एंजल ग्रुप म्हणजे नव्या, छोट्या कंपन्यांत सुरुवातीलाच मिळून पैसे घालणारे लोक. मी 25 लाखांवर थांबेन, म्हणजे साठलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांवर, आणि तेही तीन-चार वर्षांत पसरून. सेबीने 2025 मध्ये नियम बदलले आणि अशा कंपन्यांसाठीच्या एंजल फंडात आता फक्त ॲक्रेडिटेड, म्हणजे ठरावीक उत्पन्न आणि मालमत्ता असलेले गुंतवणूकदार पैसे घालू शकतात. तुमचा पगार आणि मालमत्ता पाहता तुम्ही त्या चौकटीत बसाल. पण तुम्ही पात्र आहात याचा अर्थ एवढाच की पैसे बुडाले तरी तुमचं घर चालेल, असं सेबीने धरलंय.

पैसे बुडतात किती? अमेरिकेतल्या एंजल ग्रुपांचा विल्टबँक आणि बोकर यांनी 2007 मध्ये केलेला अभ्यास या विषयात अजूनही वापरला जातो. 539 गुंतवणूकदार आणि 1,137 व्यवहार. त्यातल्या 52 टक्के व्यवहारांत घातलेली मुद्दलही पूर्ण परत आली नाही. सगळ्यांना मिळून जे पैसे मिळाले, त्यातले तीन चतुर्थांश फक्त 7 टक्के व्यवहारांतून आले. त्या 7 टक्क्यांतली कंपनी कोणती, हे आधी कुणालाच सांगता येत नाही, म्हणून चार-पाच कंपन्यांत पैसे घालणं मला पटत नाही. निदान पंधरा हव्यात.

आता 25 लाखांचा हिशेब. पंधरा कंपन्यांत प्रत्येकी सव्वा लाख, म्हणजे पावणेएकोणीस लाख. उरलेले सव्वासहा लाख हातात ठेवा, त्याचं पुढे सांगते.

समजा एका कंपनीने पैसे उभे करायची फेरी काढली, त्यात तुम्ही गेलात, तेव्हा त्या फेरीचे पैसे धरून तिचं मूल्यांकन 10 कोटी होतं. सव्वा लाखाला तुमचा हिस्सा आला 0.125 टक्के. पुढे अशा कंपन्यांत मोठ्या रकमा घालणाऱ्या व्हेंचर फंडांच्या दोन फेऱ्या झाल्या, आधी 5 कोटी आणि मग 10 कोटी, आणि दोन्ही वेळा त्यांनी वीस-वीस टक्के घेतले. तुमचा हिस्सा उतरला 0.08 टक्क्यांवर. कंपनी 100 कोटींना विकली गेली तर तुम्हाला मिळतील आठ लाख, ग्रुपचा नफ्यातला वाटा आणि कर जायच्या आधी. सहापटीहून जास्त, आणि ही चांगलीच कामगिरी आहे. तरी बाकीच्या चौदा शून्य झाल्या तर पावणेएकोणीस लाखांतले निम्मेही भरून निघत नाहीत.

त्याच कंपनीचं दुसरं टोक बघा. ती 12 कोटींना विकली गेली. तुम्ही गेलात तेव्हा 10 कोटींची होती, म्हणजे बातमी वाचून वाटेल की थोडा तरी नफा झाला. पण व्हेंचर फंडांच्या करारात लिक्विडेशन प्रेफरन्सचं कलम असतं: विक्रीच्या पैशांतून आधी त्यांचे 15 कोटी, मग बाकीच्यांचे. 12 कोटी सगळे त्यांच्याकडे जातात आणि तुमच्या खात्यात काहीच येत नाही. हे कलम टर्म शीटमध्ये, म्हणजे अटींच्या कागदात लिहिलेलं असतं, पण संस्थापक पैसे मागायला उभे राहतात त्या पिचच्या दिवशी ते वाचून दाखवताना मी कुणाला पाहिलेलं नाही. तुम्ही मागून घ्या आणि सही करण्याआधी सीएला दाखवा.

आणि मधे पैसे लागले तर? मुलीचं लग्न, आजारपण, काहीही असो, हे शेअर विकता येतील असं धरूनच चालू नका. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे शेअर बाजारात विकता येत नाहीत. गिऱ्हाईक मिळालं तरी ते आधी जुन्या भागधारकांना देऊ करावे लागतात, असं कलम बहुधा असतंच. वरच्या अभ्यासात बुडीत व्यवहार साधारण तीन वर्षांत उरकले, तर सगळ्यात मोठ्या परताव्यांना सरासरी सहा वर्षं लागली. म्हणजे वाईट बातम्या आधी येतात. त्या काळात ग्रुपच्या ॲपवर वाढलेलं मूल्यांकन दिसेल. ते शेवटच्या फेरीचं असतं, त्या भावाने तुमच्याकडून कुणी शेअर घेणार नसतो.

कंपनी घसरतेय हे आधी कळतं ते संस्थापकाच्या पत्रांवरून. दर महिन्याला येणारं पत्र तिमाहीवर जातं, मग त्यातून बँकेत किती महिन्यांचे पैसे उरलेत हा आकडा गायब होतो. शंका आली की कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या पोर्टलवर AOC-4 वेळेवर भरलाय का ते बघा. हा वार्षिक हिशेबाचा फॉर्म असतो, आणि तो रखडला असेल तर नवीन फेरीत एक रुपयाही देऊ नका.

हातातले सव्वासहा लाख अशाच वेळी महत्त्वाचे ठरतात. बुडणाऱ्या कंपनीचा संस्थापक "ब्रिज राउंड", म्हणजे पुढची फेरी येईपर्यंत तगायला पैसे हवेत म्हणून फोन करतो आणि आधीचे सव्वा लाख वाचवायला माणूस आणखी दोन लाख घालतो. ते पैसे अशा फोनसाठी नाहीत. बाहेरचा नवा फंड पुढच्या फेरीचं नेतृत्व करतोय, विक्री वाढतेय, अशा दोन-तीन कंपन्यांतच ते जाऊ द्या. तशी एकही निघाली नाही, तर ते एफडीत राहिले तरी काही बिघडत नाही.