पांदण कुठून होती: बाबाजींची वाट आणि नकाशातली वाट

आमच्या गावाच्या (यवतमाळ जिल्हा) दक्षिणेकडच्या वावरांना जायला पूर्वी एक पांदण, म्हणजे गाडवाट, होती. ती मोकळी करायची म्हणून ग्रामपंचायतीने मला जागेवर आखून द्यायला सांगितलं. नकाशे करणं हे माझं काम. गाव नकाशात ही वाट तुटक दुहेरी रेषेने दाखवली आहे. दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. जमीन शेतकऱ्याच्या गटातलीच असते, पण पोटखराब म्हणून वाटेकडे सोडलेली. एकेरी तुटक रेघ असती तर ती पायवाट, सव्वाआठ फुटांची.

त्या रेघेवर चुन्याची फक्की टाकायला लागले तेव्हा बाबाजी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभे होते. वय ऐंशीच्या पुढे, तरुणपणी बंडी हाकलेली.

"इथून वाट नव्हतीच पोरी. वाट थ्या निंबापासून वळे आन् वरच्या अंगानं नाल्यात उतरे."

त्यांनी दाखवलेली जागा माझ्या रेघेपासून साठ-सत्तर मीटर पश्चिमेला होती.

इतका फरक मोबाइलच्या जीपीएसचा नसतो. मोकळ्या वावरात तो चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, झाडाखाली जास्त. नकाशा बसवण्यात चूक असू शकते, म्हणून ते आधी तपासलं. स्कॅन केलेला नकाशा चार जुन्या हद्दीच्या दगडांवर बसवला होता आणि पाचवा दगड मुद्दाम बाजूला ठेवला होता. त्याची नकाशातली जागा आणि शिवारातली जागा यांत पाच मीटरच्या आतला फरक निघाला. जुना कापडी नकाशा आटतो, ताणला जातो, तेव्हा एवढं चालायचंच. 1:50,000 चा टोपोशीट इथे उपयोगाचा नव्हता, कारण त्यावर एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर. आमचा सगळा वाद एका जाड रेघेत मावला असता.

मग आम्ही दोघं दोन्ही वाटा चाललो. नकाशातल्या वाटेवर नाल्याची दरड कापून केलेला उतार अजून दिसतो, बंडीचं चाक बसेल एवढा रुंद. गाळाने अर्धा भरलाय, पण दोन्ही बाजूंच्या कडा सरळ आहेत, आणि पाणी दरड इतकी सरळ कापत नाही. बाबाजींच्या वाटेवर असा उतार नव्हता. मात्र निंबापासून पुढे सोयाबीनमध्ये एक पट्टा खुरटलेला होता, झाडं वीतभर ठेंगणी. तिथे खुरप्याने उकरलं तर चार बोटांखाली घट्ट मुरूम लागला. शेजारच्या तासात हातभर खोल नुसती काळी माती होती.

म्हणजे वाट दोन्हीकडे होती. मी विचारलं, "बाबाजी, तुम्ही इकडून कोणत्या महिन्यात जायचे?"

ते माझ्याकडे पाहतच राहिले. "पावसाळ्यातच तं! पोळ्याच्या टायमाले खालून गेलं तं बंडी आखापर्यंत फसे. उन्हाळ्यात खालून जात लोक, शेणखत घेऊन. माह्या बाचं वावर वरच्या अंगाले होतं, म्हणून मले हेच ठाऊक."

काळ्या मातीत ही गोष्ट साधी आहे. भर पावसात ती चाकाला धरून ठेवते, म्हणून बंड्या मुरमाड उंचवट्याने जायच्या. माती वाळली की जवळची वाट धरायच्या. मोजणीचं काम सहसा पिकं निघाल्यावर, कोरड्या दिवसांत होतं. मोजणीदाराला चालू दिसली ती उन्हाळी वाट, त्याने तीच काढली. पावसाळी वाट तेव्हा पिकाखाली किंवा नांगरटीत असणार. त्याच्या हाताने रेघ बरोबरच पडली होती, आणि बाबाजींचंही खरं होतं.

कागदावर मात्र दोन्ही वाटांचं वजन सारखं नाही. नकाशातल्या वाटेवरचं अतिक्रमण काढायला नोंदीचा आधार मिळाला. मंडळ अधिकाऱ्यांनी जागेवर पंचनामा केला आणि ती मोकळी झाली. बाबाजींची वाट बऱ्याच वर्षांपूर्वी नांगरली गेली होती. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली अडवलेली वाट खुली करून घेता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ती मुदत केव्हाच गेली. उरलं महसूल संहितेचं कलम 143, आणि ते धुऱ्यावरून वाट देतं, वावराच्या मधून नाही. बाबाजींच्या वाटेचा निंबापर्यंतचा भाग धुऱ्यावर आहे, पुढचा मुरमाड पट्टा एका शेतकऱ्याच्या गटातून जातो.

धुऱ्याच्या भागासाठी वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी तहसीलदारांकडे अर्ज दिलाय. मधल्या पट्ट्यासाठी त्या शेतकऱ्याची लेखी संमती लागेल. तो म्हणतो, सोयाबीन तिथे तसंही होत नाही, पण कापणी झाल्यावर बोलू. मी नकाशावर दोन्ही वाटा काढून दिल्यात, दुसऱ्या रेघेपुढे "पावसाळी वाट, वहिवाटीवरून" असं लिहिलंय, आणि त्याखाली बाबाजींचा अंगठा घेतलाय.