गाढवाचा पोटशूळ: डॉक्टर येईपर्यंतचे तीन तास

घोड्याचं पोट दुखतं तेव्हा सगळ्यांना कळतं. तो पुढच्या पायानं जमीन उकरतो, मान वळवून कुशीकडे बघतो, पोटाला लाथा मारतो, लघवीला बसल्यासारखा ताणतो, खाली पडून लोळतो. गाढव यातलं बहुतेक काही करत नाही. ते कोपऱ्यात मान खाली घालून उभं राहतं, कान बाजूला पडतात आणि समोरचा चारा तसाच राहतो. त्या संध्याकाळी मला बोलावणं आलं तेव्हा मालक म्हणाले, "थकलंय हो, दिवसभर ओझं वाहिलंय, सकाळपर्यंत ठीक होईल." पण थकलेलं गाढव चाऱ्याला तोंड लावतं. चारा नाकारणारं गाढव आजारी आहे असं धरूनच मी कामाला लागतो. गाढव लोळायला लागलं तर समजावं की दुखणं फार पुढे गेलंय.

अंदाजे दीडशे किलोची मादी. मी पोचलो तेव्हा सव्वासहा वाजले होते. पहिली नाडी. जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूनं, बोटाखाली दोरीसारखी सरकणारी रक्तवाहिनी लागते. अंगठा वापरू नये, त्यात स्वतःचेच ठोके लागतात. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं. साठ आले. निरोगी गाढवाचे विश्रांतीतले ठोके साधारण ३६ ते ५२ असतात, घोड्याचे २८ ते ४४. कामावरून नुकतंच आलेल्या जनावराची नाडी वाढलेलीच असते, पण हे जनावर दोन तास उभं होतं, म्हणून साठचा अर्थ वेगळा. घोडा असो की गाढव, विश्रांतीतले ठोके साठच्या वर टिकून राहिले तर थांबायची वेळ संपलेली असते. ऐंशीच्या पुढे गेले तर जीव धोक्यात.

मग ओठ उचलून हिरडी पाहिली. ती ओलसर आणि फिकट गुलाबी असायला हवी. हिची चिकट होती. बोटानं दाबून सोडली तर पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिला जवळजवळ तीन लागले, म्हणजे शरीरात पाणी कमी पडलेलं. हिरडी गडद लाल किंवा जांभळट दिसली असती तर मी डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ते सांगितलं असतं. ताप नव्हता, ३७.३. घोड्याच्या ३८ च्या सवयीनं गाढवाचं तापमान वाचू नये, त्याचं नेहमीचंच ३७ च्या आसपास असतं.

पोटाचे आवाज दोन्ही कुशींवर, वर आणि खाली, अशा चार ठिकाणी कान लावून ऐकायचे, प्रत्येक ठिकाणी पूर्ण एक मिनिट. इथे घाई झाली की हमखास चूक होते, कारण निरोगी पोटही मधेच काही सेकंद गप्प असतं. उजवीकडे वर काहीच नव्हतं, डावीकडे खाली एखादी हलकी गुरगुर. जमिनीवर दुपारची लीद पडली होती: लहान, कडक, वर शेंबडासारखा थर. फोडून पाहिली तर आत बोटाच्या पेरापेक्षा लांब, न चावलेल्या काड्या.

एवढं हातात घेऊन मी डॉक्टरांना फोन केला. "गाढव बरं नाही" असं सांगितलं तर समोरचा माणूस काही ठरवू शकत नाही. नाडी साठ, हिरडी चिकट, उजवी कूस गप्प, लीद कडक, ताप नाही, चार तास काही खाल्लं नाही, असं सांगितलं की त्याला निघायचं की नाही आणि सोबत काय घ्यायचं हे कळतं. त्यांना पोचायला तीन तास लागणार होते.

चारा लगेच काढून घेतला. आतडं पुढे सरकत नसताना वरून टाकलेला प्रत्येक घास अडथळ्यावरच रचला जातो. पाणी समोर ठेवलं, स्वच्छ आणि कोमट. खोगीर आणि तंग आधीच काढले होते.

चालवायच्या आधी एक गोष्ट बघावी लागते, आणि ती बरेच जण विसरतात. कामानंतर मागच्या पुठ्ठ्यांचे स्नायू लाकडासारखे कडक झाले, जनावर पाय उचलेना, लघवी तपकिरी दिसली, तर दुखणं पोटाचं नसून स्नायूंचं असतं. घाम आणि अस्वस्थपणा दोन्हींत सारखाच दिसतो, पण स्नायूंच्या दुखण्यात एक पाऊलही चालवू नये. हिचे पुठ्ठे मऊ होते. मग दहा मिनिटं हळू चालवलं, वीस मिनिटं उभं ठेवलं. तासन्‌तास फिरवून पोट सुटत नाही, नुसतं जनावर दमतं. शांत पडून राहिलं असतं तर मी उठवलंही नसतं. घोडा जोरात लोळत असेल तर उठवायचा प्रयत्न करावा, पण भिंत आणि घोडा यांच्यामध्ये कधी उभं राहू नये.

साडेसातला शेजारचे एक काका बाटलीत तेल घेऊन आले. मनानं चांगले, पण खरा धोका हाच. घोडा आणि गाढव यांना उलटी होत नाही. तोंड वर करून ओतलेलं तेल सहज श्वासनलिकेत जातं आणि फुप्फुसात बसतं. मग पोट सुटलं तरी दोन दिवसांनी न्यूमोनिया. शिवाय जठर आधीच फुगलेलं असेल तर त्यात भर घालणं म्हणजे ते फुटण्याची तयारी. तेल द्यायचंच तर नाकातून नळी घालून, आधी जठर रिकामं आहे हे पाहून, आणि ते काम डॉक्टरांचं. नळीनं गुदद्वारातून पाणी सोडणं, आत हात घालून लीद काढणं हेही तसंच, आतडं फाटतं. घरात पडलेलं दुखणं थांबवायचं औषध मी दिलं नाही. डॉक्टर येण्याआधी ते दिलं की नाडी आणि चेहरा खोटं बोलू लागतात.

दर अर्ध्या तासानं आकडे वहीत लिहिले: ६०, ६०, ६४, ६४, ६४, ६८. एका आकड्यापेक्षा ही चढण डॉक्टरांना जास्त सांगते. मी आणखी एका गोष्टीवर डोळा ठेवून होतो: जोरात तडफडणारं जनावर एकाएकी शांत झालं, अंग गार आणि घामेजलेलं, नाडी मात्र वेगानं धावतेय, तर तो आराम नसतो, बहुधा आतलं काहीतरी फुटलेलं असतं.

सव्वानऊला डॉक्टर आले. नाकातून नळी घातली, जठरातून काही परत आलं नाही. तपासणीत डाव्या बाजूला, मोठ्या आतड्याच्या अरुंद वळणावर, कणकेसारखा घट्ट गोळा लागला. शिरेतून वेदनाशामक, आणि नळीतून थोडं थोडं, एका वेळी दोन लिटर, कोमट क्षारयुक्त पाणी. मध्यरात्री नाडी ५२ वर आली. सकाळी दहाच्या सुमारास मऊ लीद पडली, आणि त्यानंतरच ओला मऊ चारा मूठमूठ सुरू केला. गाढवाला फार काळ उपाशीही ठेवता येत नाही: खाणं बंद पडलं की अंगातली चरबी सुटून रक्तात येते, यकृतात साठते, आणि पोटाचं दुखणं मिटूनही जनावर त्यानं जातं. म्हणून पुढचे तीन दिवस ते किती खातंय हे मोजत राहिलो.

कारण लिदीतल्या त्या लांब काड्यांमध्येच होतं. तोंड उघडून पाहिलं तर वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार झालेल्या, गालाला आतून जखमा. चावता येत नव्हतं म्हणून गिळत होतं, आणि कामावर पाणी फक्त दुपारी एकदाच. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी दाढा कानशीनं घासल्या, आणि पाणी आता दर दोन तासांनी पाजलं जातं.