दोन्ही ट्रान्सफॉर्मर पास, पण ९० वॉटचा फरक

मी थर्ड पार्टी इन्स्पेक्शनचं काम करतो. म्हणजे युटिलिटीने ट्रान्सफॉर्मर मागवले की फॅक्टरीत जायचं, टेस्ट समोर उभं राहून बघायच्या, रीडिंग लिहायचं, पटलं तरच सही. परवा गोव्यात कुंडईला गेलो होतो, १०० केव्हीए ११ केव्ही बाय ४३३ व्होल्टचे ट्रान्सफॉर्मर होते, पण या खेपेला गंमत अशी की फॅक्टरीने एकाच टेंडरला दोन ऑफर दिलेल्या, एक नेहमीचा सीआरजीओ, म्हणजे सिलिकॉन स्टीलच्या कोअरचा आणि एक अमॉर्फस, म्हणजे स्फटिक नसलेल्या धातूच्या कोअरचा, आणि युटिलिटीच्या साहेबांनी सांगितलं की दोन्हीचे नमुने टेस्ट करा, मग बसून हिशोब करू. साहेब स्वतःच आले होते, हे सहसा होत नाही.

पहिली नो-लोड टेस्ट. एलव्हीला, म्हणजे कमी व्होल्टेजच्या बाजूला ४३३ व्होल्ट द्यायचे, एचव्ही, म्हणजे ११ केव्हीची बाजू उघडी ठेवायची आणि किती वॉट खातोय ते बघायचं. लोड काही नाही, म्हणजे जे वॉट दिसतात ते निव्वळ कोअर गरम करण्यात जातात, आणि ट्रान्सफॉर्मर खांबावर चढला की हे वॉट वर्षाचे ८,७६० तास जातच राहतात, गावातली सगळी घरं झोपली असली तरी. सीआरजीओवाला १५८ वॉटवर थांबला, गॅरंटी १६० ची, ठीक. मग अमॉर्फस लावला आणि अ‍ॅनालायझरवर आलं ६८.

टेस्टिंगला नवा लागलेला पोरगा होता तो लगेच म्हणाला, "सर, सीटीचा रेशो चुकलाय वाटतं." सीटी म्हणजे करंट कमी करून मीटरला देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, आणि त्याची शंका रास्त होती. नो-लोडला पॉवर फॅक्टर मुळातच कमी असतो, इथे तर ०.१४ च्या आसपास दिसत होता, आणि एवढ्या कमी पॉवर फॅक्टरला सीटीच्या अँगलमधे जराशी चूक असली तरी वॉटचं रीडिंग भलतीकडे जातं. म्हणून सीटी काढूनच टाकले. करंट एक अँपिअरच्या आत होता, सरळ अ‍ॅनालायझरमधूनच घेतला. तरी ६८. मग व्होल्टेज साडेबारा टक्के वाढवून बघितलं, कारण अमॉर्फसचं खरं दुखणं तिथे असतं. हा मटेरिअल साधारण १.५६ टेस्लाला सॅच्युरेट होतो, सीआरजीओ दोनच्या आसपास जातो, त्यामुळे अमॉर्फसचं डिझाईन १.३५ च्या आसपास ठेवावं लागतं, म्हणजे व्होल्टेज साडेबारा टक्के चढलं तरी १.५२ पर्यंतच जातो आणि थोडी जागा उरते. आतल्या गावातल्या लांबलचक ११ केव्ही लाईनवर रात्री लोड उतरला की व्होल्टेज चढतं, तेव्हा ही टेस्ट नुसती कागदापुरती नाही. करंट वाढला पण मर्यादेत राहिला.

वॉट एवढे कमी का, तर कोअरची पट्टी. सीआरजीओची शीट असते पाव मिलीमीटरच्या आसपास जाडीची, अमॉर्फसची रिबन असते ०.०२५ मिलीमीटर, दहापट पातळ. लोखंड, सिलिकॉन आणि बोरॉनचा वितळलेला रस फिरणाऱ्या थंड ड्रमवर सोडतात, तो सेकंदाला जवळपास दहा लाख डिग्री वेगाने गार होतो, अणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही. स्फटिक नाहीत म्हणून मॅग्नेटायझेशन उलटसुलट होताना अडथळा कमी, म्हणून हिस्टेरेसिस कमी, आणि पट्टी पातळ आणि रेझिस्टिव्हिटी जास्त म्हणून एडी करंट कमी. पण फ्लक्स डेन्सिटी कमी ठेवायची आणि पातळ पट्ट्यांमधे मोकळी जागाही जास्त राहते, म्हणजे तेवढ्याच केव्हीएला कोअर मोठा, मग वाइंडिंगचा वेढा मोठा, तांबं जास्त, वजन जास्त. पैसे तिथे जातात.

दुपारी लॉटमधल्या एका अमॉर्फसने मात्र ९१ वॉट दाखवले. बाकीचे ६६ ते ६९ आणि हा ९१, करंट जवळजवळ तेवढाच. आता खालच्या योकचा, म्हणजे कोअरच्या आडव्या भागाचा जॉइंट नीट मिटला नसता तर आधी करंट चढला असता. करंट जागेवर आणि फक्त वॉट वर गेले याचा अर्थ माझ्या अनुभवाने एकच, कोअरवर कुठेतरी दाब पडलाय. सीआरजीओ कोअर तुम्ही चांगला आवळता, आवळायचाच असतो. अमॉर्फसला आवळलं की लॉस वाढतो, आणि अ‍ॅनीलिंगनंतर, म्हणजे कोअर भट्टीत तापवून घेतल्यावर, रिबन इतकी ठिसूळ होते की काठ बोटात धरून वाकवला तर कपची तुटून हातात येते. टाकीतून बाहेर काढायला लावला. असेंब्लीचे जुने फिटर काका खाली वाकून बघत म्हणाले, "फ्रेम टेकलीय बघा साहेब, इथं." क्लॅम्पिंग फ्रेमचा एक अँगल खरंच कोअरच्या खांद्यावर चढला होता. बोल्ट ढिले केले, पॅकिंग बदललं, परत टेस्ट, ६९. एका अँगलचे २२ वॉट. मला तो फरक आकड्यात दिसला याचं फार बरं वाटलं, कारण १६० वॉटच्या मशिनमधे कोणी पटकन लक्षही दिलं नसतं.

मग संध्याकाळी हिशोबाला बसलो, आणि खरी गोष्ट इथे आहे. आयएस ११८० या भारतीय मानकामधे १०० केव्हीएला लॉस दोन ठिकाणी मोजतात, ५० टक्के लोडला आणि १०० टक्के लोडला. लेव्हल २ या कार्यक्षमतेच्या पातळीची मर्यादा आहे ४७५ आणि १,६५० वॉट. नो-लोडची वेगळी मर्यादा या आकड्यांत नाही. सीआरजीओची गॅरंटी होती नो-लोड १६० आणि लोड लॉस, म्हणजे पूर्ण लोडला वाइंडिंग गरम करण्यात जाणारे वॉट, १,२५०. अर्ध्या लोडला लोड लॉस चौथा हिस्सा होतो, म्हणून १६० अधिक ३१२, साधारण ४७२. पास. अमॉर्फस ७० आणि १,५५०, म्हणजे अर्ध्या लोडला ४५७, पूर्ण लोडला १,६२०. तोही पास. प्लेटवर दोघांची लेव्हल तीच, पण यंत्रं पूर्ण वेगळी. एकाचा नो-लोड लॉस ९० वॉट कमी, दुसऱ्याचा पूर्ण लोडचा लोड लॉस ३०० वॉट कमी.

कुठला घ्यायचा ते मग लोडवर ठरतं. ९० ला ३०० ने भागा, ०.३, त्याचं वर्गमूळ काढा, साधारण ५५ टक्के. आरएमएस लोड, म्हणजे वेळोवेळच्या लोडचे वर्ग करून त्यांच्या सरासरीचं वर्गमूळ, ५५ टक्क्यांच्या खाली असेल तर अमॉर्फस वाचवतो, वर असेल तर तोच जास्त खातो. आरएमएस मुद्दाम म्हणतोय, कारण लोड लॉस करंटच्या वर्गाने वाढतो, दिवसाची नुसती सरासरी घेतली तर संध्याकाळच्या पीकचा लॉस निसटतो.

साहेबांनी दोन ट्रान्सफॉर्मरचे मीटर रीडिंग आणले होते. एक सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावरचा, म्हणजे छोट्या वस्तीवरचा. तिथे बरीच घरं बंद, माणसं मुंबईला नाहीतर परदेशात, चवथीला सगळी उघडतात, आठवडाभर मिक्सर, फ्रिज, गणपतीवरच्या माटोळीची लायटिंग, आणि मग परत कुलूप. वर्षाचा आरएमएस लोड २५ टक्के. तिथे लोड लॉसचा तोटा ३०० चा सोळावा भाग, १९ वॉट, म्हणजे निव्वळ बचत ७१ वॉट, वर्षाला सुमारे ६२४ युनिट. दर धरला ५ रुपये. इथे मी हट्ट धरला की ग्राहकाचा टॅरिफ धरायचा नाही, युटिलिटीला ते युनिट विकत घेऊन ११ केव्हीपर्यंत आणायला जे पडतं तेच धरायचं, कारण वाचलेलं युनिट म्हणजे न विकत घेतलेलं युनिट. तर ३,१२० रुपये वर्षाला. दोन ऑफरमधला फरक होता १८,००० रुपये. पावणेसहा वर्षांत वसूल.

दुसरा ट्रान्सफॉर्मर किनाऱ्याकडचा, गेस्ट हाऊस, एसी, रेस्टॉरंट, सीझनमधे तुफान लोड. आरएमएस ६० टक्के. तिथे ३०० चे १०८ वॉट जादा जातात आणि ९० वाचतात, म्हणजे अमॉर्फस लावून वर्षाला दीडशेच्या वर युनिट उलट जास्त जाणार. पेबॅक सात जन्मात नाही. तिथे सीआरजीओच, नाहीतर मोठा केव्हीए.

मधलं प्रकरण जास्त फसवं. आरएमएस ४० टक्के असेल तर बचत ४२ वॉट, वर्षाला १,८४० रुपये, साधा पेबॅक पावणेदहा-दहा वर्षं. ट्रान्सफॉर्मर २५ वर्षं चालतो म्हणून वाटतं चांगलंच की. पण पैशाचं व्याज १० टक्के आणि आयुष्य २५ वर्षं धरलं तर एका सतत जाणाऱ्या वॉटची आजची किंमत ५ रुपये दराने सुमारे ४०० रुपये येते. ४२ वॉटचे १६,८००. फरक १८,०००. थोडक्यात पण तोट्यातच. २५ टक्के लोडवाल्या वाड्याला हेच गणित ७१ वॉटचे २८,४०० देतं, तिथे शंकाच नाही.

साहेबांचा पुढचा प्रश्न होता की जुने, २६० वॉट नो-लोडवाले ट्रान्सफॉर्मर सरळ काढून अमॉर्फस बसवू का. त्यांचा लोड लॉस १,७६०, वाड्यावरच्या लोडला बचत २०३ वॉट, वर्षाला ८,९०० रुपयांच्या आसपास. पण इथे फरकाचे १८,००० नाही, अख्ख्या ट्रान्सफॉर्मरचे पैसे जातात, त्या दिवशीच्या ऑफरने सव्वादोन लाख, म्हणजे पंचवीस वर्षं, भंगाराचे पैसे वजा केले तरी फार नाही सुधारत. मी सांगितलं, चालू असलेला काढू नका, जळला की त्या जागी अमॉर्फस लावा.

आणि जळला तर काय, हेही बोललो. सीआरजीओ कुठल्याही रिपेअर वर्कशॉपमधे उघडतात, अमॉर्फसचा कोअर तसा हाताळला तर कपच्या उडतात, त्या तेलात जातात, आणि परत आलेला ट्रान्सफॉर्मर चालतो छान पण नो-लोड कुठल्या कुठे गेलेला असतो, ज्या ९० वॉटसाठी जादा पैसे मोजले तेच गायब. म्हणून आम्ही ऑर्डरमधे तीन ओळी घालायला लावल्या: प्लेटवर नो-लोड लॉस वेगळा छापायचा, शॉर्ट सर्किट टेस्टनंतर आणि प्रत्येक रिपेअरनंतर तो परत मोजायचा, आणि गॅरंटीपेक्षा एक वॉट जास्त आला तरी परत पाठवायचा. फॅक्टरीवाल्यांनी तिसऱ्या ओळीवर बराच वेळ वाद घातला, पण रात्री आठच्या सुमारास मान्य केलं.