चिकुनगुन्याचा ताप गेला, सांधे धरलेलेच राहिले : पुढचे तीन महिने कसे काढले

चिकुनगुन्याचा ताप बहुतेकांचा आठवड्याच्या आत उतरतो. सांधे मात्र तेवढ्यात सुटत नाहीत. पुण्यात २०२४ च्या पावसाळ्यात साथ आली तेव्हा माझ्याकडे असे रुग्ण रोज येत होते, आणि त्याच साथीत मलाही हा ताप आला. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पुढे लिहिलेलं सगळं आधी रुग्णांना सांगितलेलं आणि मग स्वतःच्या हातापायांवर पाळलेलं आहे. विशेषतः हातांविषयी सविस्तर लिहिते, कारण मनगटं आणि बोटं हीच या आजारात सगळ्यांत जास्त अडवतात.

सांधे का धरतात, ते आधी सांगते. विषाणू रक्तात आठवडाभरच असतो. पण तेवढ्यात तो सांध्याच्या आतल्या अस्तरात शिरलेला असतो, आणि त्याला मारायला आलेल्या आपल्याच पेशी तिथे सूज धरून बसतात. रक्तातला विषाणू गेला तरी ही सूज आठवडे, कधी महिने टिकते. हाताच्या पाठीवरून आणि घोट्याभोवतून जाणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्यांना, म्हणजे कंडरांना, जी आवरणं असतात तीही सुजतात. म्हणून सांधा वरून फारसा सुजलेला दिसत नाही, तरी मूठ मिटत नाही. हाडं बहुतेकांची झिजत नाहीत. 'आता हे कायमचं' या भीतीने लोक खचतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

झिजेचं दुखणं आणि हे दुखणं वेगळं ओळखता येतं. गुडघ्याची झीज दिवसभर वापरून संध्याकाळी जास्त दुखते. चिकुनगुन्याचे सांधे सकाळी सगळ्यांत वाईट असतात, हालचाल झाली की सुटतात आणि तासभर बसून उठलं की पुन्हा धरतात. दुखतं ते दोन्ही बाजूंना : दोन्ही मनगटं, बोटांची पेरं, घोटे, गुडघे. टाचही दुखते. सकाळी फरशीवर पहिलं पाऊल टाकवत नाही, म्हणून मी पलंगाखालीच मऊ तळाच्या चपला ठेवायचे आणि घरातही अनवाणी चालत नव्हते.

तपासणीबद्दल थोडक्यात. तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत पीसीआर चाचणीत विषाणू सापडतो, त्यानंतर आयजीएम ही प्रतिपिंडांची चाचणी उपयोगी. आयजीएम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केली तर ती बहुधा निगेटिव्ह येते, आणि 'चिकुनगुन्या नाही' असा गैरसमज होतो. याच काळात डेंगी नाही ना, हेही बघावं लागतं. दोन्ही आजार एकाच डासामुळे होतात आणि कधी एकाच माणसाला एकदम होतात. पुढे सांधेदुखी रेंगाळली की अनेकजण युरिक ॲसिड आणि कॅल्शियम तपासत बसतात. ताप, पुरळ आणि दोन्ही बाजूंचे सांधे अशी गोष्ट स्पष्ट असताना त्यातून फारसं काही हाती लागत नाही.

औषधांत मी एक सीमा पाळली : डेंगी नाही हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन यांनी डेंगीत रक्तस्राव वाढू शकतो. माझ्या डॉक्टरांनी ६५० मिलिग्रॅमची गोळी दिली होती, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही. ही मात्रा लिव्हर ठीक असलेल्या मोठ्या माणसाची. इथे एक चूक फार होते. दुखण्यासाठी दुकानातून घेतलेल्या बऱ्याच गोळ्यांत ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्रच असतं, सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. दोन-तीन प्रकारच्या गोळ्या एकदम चालू असल्या की बेरीज सहज मर्यादेबाहेर जाते. म्हणून पाकिटावरचं घटकांचं नाव वाचायचं. ताप गेल्यावर, डेंगीची शंका मिटल्यावर, डॉक्टरांनी मला सूज उतरवणारी गोळी दिली. ती जेवणानंतरच घ्यायची होती. किडनीचा त्रास, अल्सर, रक्तदाब किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील तर ही गोळी मनाने घेऊ नये.

आता सकाळचे हात. पहिले काही आठवडे माझी बोटं सकाळी तळव्याला टेकत नव्हती. रुग्ण अशा वेळी एक तर हात अजिबात हलवत नाहीत, नाहीतर दुसऱ्या हाताने बोटं दाबून मूठ मिटवायचा प्रयत्न करतात. न हलवल्याने कंडरा चिकटतात, दाबल्याने सुजलेलं अस्तर आणखी चिडतं. बरोबर क्रम असा : सांधा गरम लागत नसेल, फुगलेला नसेल, तर उठल्यावर टबात सोसेल इतकं गरम पाणी घ्यायचं आणि मनगटापर्यंत हात दहा मिनिटं त्यात ठेवायचे. मधुमेहामुळे हाताला बधिरपणा असेल तर पाणी दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं. पाण्यातच बोटं हळूहळू हलवायची.

मग हात बाहेर काढून, कोपर टेबलावर टेकवून, चार स्थिती. एक, सगळी बोटं सरळ. दोन, बोटांची फक्त वरची दोन पेरं वाकवून आकड्यासारखा हात, बोटांच्या मुळाशी असलेले सांधे सरळच. तीन, मुळाचे सांधे काटकोनात वाकवून बोटं ताठ, जणू हाताचं छप्पर. चार, पूर्ण मूठ, जितकी आपोआप मिटेल तितकीच. प्रत्येक स्थितीनंतर परत सरळ यायचं. प्रत्येक स्थिती तीन ते पाच सेकंद, अशा पाच ते दहा फेऱ्या. या क्रमाने कंडरा आपल्या आवरणात पूर्ण लांबीने सरकतात, नुसती मूठ उघडमीट करून हे साधत नाही. त्यानंतर मनगट वर-खाली आणि दोन्ही बाजूंना. दिवसातून तीन-चार वेळा हेच, गरम पाणी फक्त सकाळी.

प्रगती मोजायला मी दोनच गोष्टी बघायचे : बोटांची टोकं आणि तळवा यांत किती अंतर राहतं, आणि उठल्यापासून हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो. दुखणं रोज वरखाली होतं, त्यावरून काही कळत नाही. सकाळचा आखडलेपणा दीड तासावरून पाऊण तासावर आला की सूज उतरते आहे, हे मात्र खात्रीने सांगता येतं.

स्पंजचा चेंडू दाबायची घाई करू नये. सांधा गरम लागतो, फुगलेला दिसतो, तोवर ताकदीचे व्यायाम नाहीत. त्या काळात शेकही नाही. टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची पिशवी दहा ते पंधरा मिनिटं पुरते. सूज उतरली आणि नुसता आखडलेपणा उरला की शेक, आणि मग ताकदीचं काम.

दिवसभराच्या कामाला मी दोन तासांचा नियम लावला होता. काम करताना थोडं दुखलं तर चालेल, पण थांबल्यावर दोन तासांनीही दुखणं वाढलेलंच असेल, तर उद्या ते काम निम्मं. पीळ आणि चिमटीची कामं सगळ्यांत आधी सोडावी लागतात : कणीक तिंबणं, भाकरी थापणं, ओले कपडे पिळणं, बरण्यांची झाकणं, कुलपाची किल्ली. कणीक घरातल्या दुसऱ्या कुणी तिंबावी. पातेलं दोन्ही हातांच्या तळव्यांवर पेलावं, चिमटीत उचलू नये. किल्लीला जाड कापड गुंडाळलं की पकड मोठी होते आणि बोटांच्या सांध्यांवरचा ताण कमी होतो. खाली बसायचा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची औषध-उपकरणांच्या दुकानात मिळते, ती लाजेखातर टाळू नये. क्लच-ब्रेक पूर्ण दाबता येत नसतील तर दुचाकी चालवू नये, कारण वेळेवर ब्रेक लागणार नाही.

बरं वाटू लागल्यावर एकाच दिवशी सगळी राहिलेली कामं काढली की दोन दिवसांनी सगळे सांधे पुन्हा पेटतात. माझ्याकडे परत आलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांचं हेच झालं होतं.

याच टप्प्यावर कंटाळून लोक 'एक सुई मारा' म्हणतात, किंवा कुणीतरी दिलेली बिनलेबलची पुडी घेतात. एका रात्रीत सगळे सांधे मोकळे झाले तर त्यात बहुधा स्टिरॉइड आहे, असं समजावं. पहिल्या आठवड्यांत घेतलेलं स्टिरॉइड बंद झालं की दुखणं दुप्पट जोराने परत येतं, साखर आणि रक्तदाब वाढतो ते वेगळंच. स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे. काही रुग्णांना ते द्यावं लागतं, पण कमी मात्रेत, ठरावीक मुदतीसाठी आणि हळूहळू कमी करत, ते दिल्याची नोंद ठेवणाऱ्या डॉक्टरांच्या हातून.

काही लक्षणांत थांबू नये. एकच सांधा लालभडक, गरम आणि सोबत ताप, म्हणजे सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो, त्याच दिवशी रुग्णालय. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येते, म्हणजे मनगटातली नस सुजेखाली दबते आहे. तिला रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी लागते. डोळा लाल होऊन दुखतो, प्रकाश सहन होत नाही, तर नेत्रतज्ज्ञ.

बारा आठवड्यांनंतरही सूज आणि सकाळचा आखडलेपणा असेल तर संधिवाततज्ज्ञांकडे जावं. चाळिशी ओलांडलेल्यांत, स्त्रियांत आणि ज्यांचा ताप सुरुवातीलाच फार तीव्र होता त्यांच्यात असं होण्याची शक्यता जास्त. तिथे रक्तात सूज दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी, तसंच आमवात शोधणाऱ्या आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या चाचण्या करतात. आरए फॅक्टर चिकुनगुन्यानंतर काही काळ पॉझिटिव्ह येऊ शकतो, तेवढ्यावरून आमवात ठरत नाही. अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह असेल तर मात्र चिकुनगुन्याआड खरा आमवात सुरू झाला आहे का, हे बघावं लागतं. सांध्यांची सूज दाबणारं मेथोट्रेक्सेट हे औषध सुरू झालं तर ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचं असतं. रोजची गोळी समजून घेतल्याने जिवावर बेततं. म्हणून वार चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून घ्यावा, आणि सांगितलेल्या रक्ततपासण्या चुकवू नयेत.

थंडी सुरू झाली की किंवा पुढच्या पावसाळ्यात तेच सांधे पुन्हा दुखतात, आणि 'परत चिकुनगुन्या झाला' असं वाटतं. एकदा झालेल्या संसर्गाची प्रतिकारशक्ती दीर्घकाळ टिकते, त्यामुळे ताप नसेल तर हे बहुधा जुन्याच सुजेचं डोकं वर काढणं असतं. चार दिवस काम निम्मं करायचं, गरम पाणी आणि हाताच्या चार स्थिती पुन्हा सुरू करायच्या. आयजीएम पुन्हा करून काही कळत नाही, कारण ती काही महिने पॉझिटिव्हच राहू शकते. सोबत नवा ताप असेल तर गोष्ट वेगळी : तेव्हा आधी डेंगी तपासायची, आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा फक्त पॅरासिटामॉल.